दोन दोन लाडू आणि चहाबिहा

समोर चार मुलं बसली आहेत. आजी सुनेला सांगते, "मुलांना दोन दोन लाडू दे." सून डब्यातून आठ लाडू काढते. आजी जर "मुलांना दोन लाडू दे" म्हणाली असती, तर सुनेनं क्षणभर थांबून विचारलं असतं, की दोनच? चौघांत? 'दोन' हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारल्याबरोबर दोनाचे आठ झाले. हा गुणाकार करायला मराठीला 'प्रत्येकी' हा शब्द लागत नाही, तो वापरला तर वाक्य उलट सरकारी वाटतं. इंग्रजीत संख्या दोनदा म्हणून भागत नाही. तिथे वाक्याच्या शेवटी 'ईच' हा शब्द आणून ठेवावा लागतो, नाहीतर चार मुलांत दोनच लाडू येतात.

मराठीतल्या या दुहेरी शब्दांकडे आपण बहुधा भाषेचा साज म्हणून पाहतो. शाळेच्या व्याकरणात त्यांना 'अभ्यस्त शब्द' म्हणतात आणि त्यांचे तीन गट शिकवतात. तोच शब्द पुन्हा आला तर पूर्णाभ्यस्त, थोडा बदलून आला तर अंशाभ्यस्त, आणि कडकडाट, किरकिर, खळखळ असे आवाजावरून झालेले ते अनुकरणवाचक. ही विभागणी बरोबर आहे, पण ती शब्दाच्या आकारावरून केलेली आहे. तो शब्द वाक्यात काय काम करतो, हे तिच्यावरून कळत नाही. भाषांतर करायला बसलं की नेमका तोच प्रश्न पडतो, कारण इंग्रजी त्या आकाराचं भाषांतर करू शकत नाही, फक्त कामाचं करू शकते.

'दोन दोन'चंच पुढे पाहू. "आमच्याकडे दोन दोन दिवस पाणी येत नाही" या वाक्यात वाटणी कुठेच नाही. इथे बोलणाऱ्याची तक्रार आहे: एकदा नळ गेला की सलग दोन दिवस जातात, आणि हे पुन्हा पुन्हा होतं. इंग्रजीत 'फॉर टू डेज अॅट अ स्ट्रेच' असं काहीतरी म्हणावं लागेल. "त्यांच्या दारात दोन दोन गाड्या उभ्या असतात" यात तक्रारही नाही. इथे डोळे विस्फारले आहेत, एक नव्हे तर चक्क दोन! म्हणून इंग्रजीत 'नॉट वन बट टू कार्स'. आणि "दर दोन दोन तासांनी औषध द्या" म्हटलं की 'एव्हरी टू अवर्स'. एकाच 'दोन दोन'ला इंग्रजीत चार वेगळी रूपं मिळाली, आणि त्यांतलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

औषधाच्या बाबतीत तर ही गोष्ट अगदी जपावी लागते. घरातली वयस्कर बाई डॉक्टरांचं सांगणं सुनेला सांगते, "सकाळ-संध्याकाळ दोन दोन गोळ्या." म्हणजे दिवसाला चार. परदेशातल्या नातवानं हे इंग्रजीत 'टू टॅब्लेट्स, मॉर्निंग अँड ईव्हनिंग' असं लिहून ठेवलं, तर वाचणारा दिवसाला चारही धरील आणि दोनही. मराठी वाक्यात हा घोळ नव्हता, दुसऱ्या 'दोन'नं तो मिटवला होता. इंग्रजीत 'टू टॅब्लेट्स, ट्वाइस अ डे' असं लिहिलं की तो मिटतो. मृत्युपत्रात "मुलांना एक एक एकर" असेल, तर तिथेही 'ईच' राहून गेल्यास भावांमध्ये भांडण लागायला तेवढं पुरेल.

विशेषणांची गंमत वेगळी आहे. विशेषण दोनदा म्हटलं की त्याचा जोर वाढतो, असं आपण धरून चालतो, आणि "गरम गरम भजी" म्हणताना ते खरंही असतं. इंग्रजीत त्यासाठी 'पायपिंग हॉट' असा तयार शब्दप्रयोग आहे. पण आई मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणते, "अंग गरम गरम लागतंय." या वाक्याचं भाषांतर 'व्हेरी हॉट' असं केलं, तर वाचणाऱ्याला मूल तापानं फणफणलंय असं वाटेल. आईच्या म्हणण्याचा अर्थ नेमका उलट आहे. ताप आहे असं तिला अजून म्हणायचं नाही, फक्त अंग जरा कोमट लागतंय. 'अ बिट वॉर्म' इथे बरोबर बसेल. "भात कच्चा कच्चा लागतोय", "ताक आंबट आंबट वाटतंय" ही त्याच जातीची वाक्यं. हे ओळखायचं कसं? क्रियापदाकडे बघायचं. वाक्यात लागणं, वाटणं, दिसणं यांपैकी काही असलं आणि विशेषण त्याच्याशी जोडलेलं असलं, तर दुहेरी शब्द बहुतेक वेळा अर्थ सौम्य करतो. तेच विशेषण नामाच्या आधी आलं, तर अर्थ तीव्र होतो.

नामाच्या आधी आलं तरी एक तिसरा अर्थ असू शकतो, आणि मला वाटतं भाषांतरात सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. "मोठे मोठे दगड बाजूला काढ." इथे दगड फार मोठे आहेत असं कोणी म्हणत नाही. ढिगात लहान-मोठे सगळे दगड आहेत, त्यांतले मोठे तेवढे वेचायचे आहेत. इंग्रजीत हे काम 'वन्स' या छोट्या शब्दावर सोपवावं लागतं: 'पिक आउट द बिग वन्स'. 'व्हेरी बिग स्टोन्स' असं लिहिलं, तर ऐकणारा दोन-चार धोंडे बाजूला करून थांबेल आणि मध्यम आकाराचे सगळे तसेच राहतील. "पिकलेले पिकलेले आंबे आधी संपवा" हेही निवडीचंच वाक्य आहे. ही निवड अनेक वस्तूंमधूनच होते, म्हणून नाम अनेकवचनी असणं ही तिची खूण.

क्रियापदांच्या दुहेरी रूपांत तर काळाचा सगळा हिशेब भरलेला असतो. "उठल्या उठल्या चहा लागतो" आणि "बसल्या बसल्या पाच पोती निवडली" यांत व्याकरणाचं रूप एकच आहे. तरी पहिल्याचा अर्थ 'उठताक्षणी' आणि दुसऱ्याचा 'बसून असतानाच, जागचं न हलता'. इंग्रजीत पहिल्यासाठी 'अॅज सून अॅज' किंवा 'द मोमेंट' लागतं, दुसऱ्यासाठी 'विदाउट गेटिंग अप'. फरक त्या क्रियापदाच्या स्वभावात आहे. उठणं, येणं, पोचणं या क्रिया घडतात आणि संपतात, म्हणून "आल्या आल्या", "पोचल्या पोचल्या" यांत घाई येते. बसणं किंवा झोपणं झालं की माणूस त्या अवस्थेत राहतो, म्हणून "झोपल्या झोपल्या वाचू नकोस" यात ती अवस्था बोलते. "बसल्या बसल्या डोळा लागला" हे वाक्य मात्र दोन्हीकडे झुकतं. बसताक्षणी झोप लागली, की बसूनच? मराठीत हे संदिग्ध ठेवता येतं. इंग्रजीत बहुधा ठरवूनच टाकावं लागतं, आणि त्यासाठी आधीचं-पुढचं वाचायला लागतं.

'-ता' लावून झालेली जोडी याहून नाजूक असते. "पडता पडता वाचला" म्हणजे तो पडलाच नाही. पडण्याच्या अगदी काठावर होता. 'ही वॉज सेव्ह्ड व्हाइल फॉलिंग' असं शब्दश: लिहिलं तर तो निम्मा खाली आलेला असतो आणि कुणीतरी त्याला मध्येच झेललेलं असतं. इंग्रजीला इथे 'ऑलमोस्ट' किंवा 'निअरली' हवं. पण "बोलता बोलता थांबली" यात ती बोलत होती हे नक्की. तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं, म्हणून 'शी ब्रोक ऑफ इन मिड-सेंटेन्स'. आणि "बोलता बोलता संध्याकाळ झाली" यात बोलणं थांबलंही नाही, वेळ कसा गेला ते कळलं नाही एवढंच आहे: 'बिफोर वी न्यू इट'. या तिन्ही वाक्यांत जोडीचा अर्थ तिच्या पुढचं क्रियापद ठरवतं. वाचणं, राहणं आलं की पहिली क्रिया हुकली. थांबणं आलं की ती तुटली. बाहेरची एखादी घटना आली की ती चालूच राहिली.

आता बि-कडे वळतो. चहाबिहा, पैसेबिसे, लग्नबिग्न, जेवूनबिवून. शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचा आणि तयार झालेला शब्द मूळ शब्दाच्या मागे लावायचा. स्वरानं सुरू होणारा शब्दही चालतो: अभ्यासबिभ्यास, इस्त्रीबिस्त्री. शब्द परका असला तरी अडत नाही. लॅपटॉप आपल्याकडे आला त्याच दिवसापासून 'लॅपटॉपबिपटॉप' म्हणता येत होतं, कुणाला शिकवायला लागलं नाही. फक्त मूळ शब्दच 'बि'नं सुरू झाला की पंचाईत होते. 'बिस्किटबिस्किट' म्हटलं तर तीच गोष्ट दोनदा झाली, म्हणून 'बिस्किटफिस्किट' अशी दुसरी सोय शोधावी लागते.

ही सवय एकट्या मराठीची नाही. हिंदीत चाय-वाय, पंजाबीत चाय-शाय, गुजरातीत चा-बा, बंगालीत चा-टा. कन्नडमध्ये 'गि' लागतो, पुस्तक-गिस्तक. यात एक बारकावा पाहण्यासारखा आहे. हिंदी आणि गुजराती फक्त पहिलं व्यंजन बदलतात, मूळ स्वर तसाच ठेवतात. मराठी आणि कन्नड स्वरासकट अख्खं पहिलं अक्षर बदलतात. म्हणजे या एका बाबतीत मराठीचं वळण तिच्या उत्तरेकडच्या बहिणींपेक्षा दक्षिणेच्या शेजारणीसारखं आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक 'भाषिक क्षेत्र' आहे असं मांडलं. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदून एकमेकींच्या सवयी उचलतात, आणि या प्रतिध्वनी-शब्दांचा त्यांनी त्यात आवर्जून विचार केला होता. त्याआधी 1938 साली त्यांनी याच शब्दांवर उभ्या असलेल्या द्राविडी लोककथांवर लेख लिहिला होता. त्या कथांत दडून बसलेला वाघ माणसांना 'वाघबिघ' अशा अर्थाचं काहीतरी बोलताना ऐकतो. वाघ म्हणजे आपण हे त्याला कळतं, पण तो 'बिघ' कोण हे कळत नाही. आपल्याहून भयंकर असा कुणी प्राणी असणार असं समजून तो घाबरतो.

भाषांतर करणाऱ्याची अडचण या वाघासारखीच असते. 'बिघ' नावाचं काहीच नाही, तरी त्याला काहीतरी अर्थ आहे. शब्दकोशात तो सापडत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश विसाव्या शतकातला. दोन्हीत द्विरुक्तीनं झालेले असंख्य शब्द तशी खूण करून नोंदलेले आहेत. पण 'बि'चे शब्द नोंदून संपणारच नाहीत. प्रत्येक नामाला आणि निम्म्याशिम्म्या क्रियापदांना तो लागतो. ती शब्दांची यादी नाही, शब्द घडवायची रीत आहे.

बहुतेक पुस्तकांत त्याचा अर्थ 'वगैरे' असा दिलेला असतो. तो पुरत नाही. "चहाबिहा घेणार का?" यात 'वगैरे' आहे, चहा किंवा तसलंच काही: 'वुड यू लाइक सम टी ऑर समथिंग?' पण "तासभर बसलो, कुणी चहाबिहा विचारला नाही" यात चहाशिवाय दुसऱ्या कशाची यादी नाही. चहासारखी साधी गोष्टसुद्धा विचारली नाही, असा तो अर्थ आहे. इंग्रजीत त्याला 'ईव्हन' लागतो: 'नोबडी ईव्हन ऑफर्ड मी टी'. "गवतात सापबिप असेल" यात भीती आहे, 'देअर माइट बी अ स्नेक ऑर समथिंग'. "त्याच्या कविताबिविता कोण वाचतो" यात तुच्छता आहे.

आणि एक वाक्य असं आहे, की त्यासाठी मला हा 'बि' फार मोलाचा वाटतो. दवाखान्यात कुणाचं माणूस दाखल झालंय. भेटायला आलेला मित्र निघताना हळूच म्हणतो, "पैसेबिसे लागले तर सांग." "पैसे लागले तर सांग" हेही चांगलंच बोलणं आहे, पण त्यात पैसा उघडा पडतो. समोरच्याला वाटू शकतं, की याला आपली ओढाताण दिसली. 'बिसे' जोडलं की मदत मोघम होते. पैसे, डबा, रात्री थांबायला माणूस, जे काही लागेल ते. पैशाचं नाव तर घेतलं, पण त्यावर बोट ठेवलं नाही. इंग्रजीत 'इफ यू नीड एनी मनी ऑर एनिथिंग' इतपत जमतं. 'एनी' आणि 'ऑर एनिथिंग' मिळून ते बोट थोडं मागे घेतात.

अमेरिकी इंग्रजीत यिडिश भाषेतून आलेली एक अशीच रीत आहे. शब्दाच्या सुरुवातीला 'श्म' लावून तो पुन्हा म्हणायचा, जसं 'फॅन्सी-श्मॅन्सी'. दिसायला ती आपल्या 'बि'ची जुळी बहीण आहे, म्हणून भाषांतर करणाऱ्याला तिचा मोह होतो. पण ती जवळजवळ नेहमी टर उडवते. कवितेबद्दलच्या वाक्यात ती शोभेल. दवाखान्यातल्या मित्राच्या तोंडी 'मनी-श्मनी' घातलं, तर त्यानं जे जपलं तेच मोडेल.

राहिल्या त्या दोन वेगळ्या शब्दांच्या जोड्या. शेजारीपाजारी, उरलंसुरलं यांतला दुसरा शब्द एकटा उभा राहत नाही. भांडीकुंडी, कपडालत्ता, कागदपत्र, धनदौलत यांत मात्र दोन्ही शब्द अर्थाचे आहेत, आणि कित्येकदा ते दोन भाषांतून आलेले असतात. कागद अरबी-फारसीतून, पत्र संस्कृतातून. धन संस्कृत, दौलत अरबी. इंग्रजीतही हे झालंय, पण कायद्याच्या भाषेत: 'विल अँड टेस्टामेंट', 'गुड्स अँड चॅटल्स'. त्यांत एक शब्द जुना इंग्रजी, तर दुसरा लॅटिन किंवा फ्रेंच वाटेनं आलेला. म्हणून जमीनजुमल्याच्या दस्तऐवजाचं भाषांतर करताना जोडीला जोडी ठेवली तर इंग्रजी वाचकाला ते ओळखीचं वाटतं. घरगुती बोलण्यात मात्र ती ठेवू नये. "शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटेल?" याचं सर्वांत चांगलं इंग्रजी 'व्हॉट विल द नेबर्स थिंक?' हेच आहे. तिथे 'द' आणि अनेकवचन मिळून ती सगळी आळी उभी करतात, पाजाऱ्यांना शोधायची गरज राहत नाही.

आता हे सगळं एका ठिकाणी करून पाहू. मावशी फोनवर भाचीला सांगते आहे:

"अगं, आल्या आल्या जेवूनबिवून घे, मग बसल्या बसल्या मटार सोल. कोवळे कोवळे वेगळे काढ. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोण कोण येणार आहे ते विचारून ठेव. आणि ती पडता पडता राहिलेली बरणी फळीवरून खाली काढ."

माझं इंग्रजी असं होईल: 'गेट समथिंग टू ईट द मोमेंट यू आर इन, अँड देन यू कॅन सिट अँड शेल द पीज. पुट द टेंडर वन्स असाइड. फाइंड आउट विच ऑफ द नेबर्स आर कमिंग. अँड टेक दॅट जार ऑफ द शेल्फ, द वन दॅट निअरली फेल.'

मराठीत सात जोड्या आहेत, इंग्रजीत एकही शब्द जोडीनं आलेला नाही. तरी सातही जोड्यांचं काम कुणीतरी उचललं आहे. 'आल्या आल्या'चं 'द मोमेंट'नं, 'बिवून'चं 'समथिंग'नं. 'बसल्या बसल्या'साठी 'विदाउट गेटिंग अप' घेतलं नाही, कारण मावशी भाचीला जागेवर खिळवून ठेवत नाहीये, जेवणानंतर बसून करायचं हलकं काम देते आहे. ते 'यू कॅन सिट अँड' मधून कळतं. कोवळ्यांची निवड 'वन्स'मध्ये, शेजारपाजार 'द'मध्ये, न पडलेली बरणी 'निअरली'मध्ये.

'कोण कोण'साठी मी 'विच ऑफ' घेतलं. त्यात येणारे एकाहून जास्त असणार आणि त्यांची नावं हवी आहेत, हे दोन्ही टिकतं. भारतीय इंग्रजीनं यासाठी 'हू ऑल' हे रूप केव्हाच रुळवलेलं आहे: 'हू ऑल आर कमिंग?' काही संपादक ते चूक म्हणून कापतात. हाच मजकूर पाककृतीच्या पुस्तकात असता तर मीही कापलं असतं. पण कादंबरीत ही मावशी पुण्यात किंवा नागपुरात बसून बोलत असेल, तर तिच्या तोंडचं 'हू ऑल' मी राहू देईन. त्या वाक्यात एवढ्या एकाच ठिकाणी तिचं मराठी इंग्रजीतून ऐकू येतं, आणि इंग्रजी वाचकाला अर्थ लावायला कसलाच त्रास पडत नाही.